साठ महिन्यांचं व्याज

काटेवाल्यांना मी पाच वर्षं ओळखत होते आणि त्या पाच वर्षांत एकदाही मी त्यांच्या मुलीचं कर्जखातं उघडून बघितलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला चांगली बाई समजण्याची चूक कुणी करणार नाही.

बँकेत कर्जाच्या टेबलावर मी बावीस वर्षं काढली. त्या टेबलासमोर माणूस बसला की त्याचा आवाज आपोआप खाली येतो, जणू कुणी आजारी आहे. काटेवाले मात्र बसले ते खुर्ची जरा सरळ करून, जमिनीला समांतर आहे ना ते पाहून. धंदाच तसा. वजनकाटे दुरुस्त करायचे. मंडईजवळ जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी टपरी, आत भिंतीला टांगलेल्या तागड्या, स्प्रिंगचे काटे, आणि मखमलीच्या खाचांमध्ये बसवलेली पितळी वजनं. कुणाचा काटा दोन ग्रॅमने खोटं बोलतो हे हा माणूस नुसता हात लावून सांगायचा. त्यामुळे बाजारातले निम्मे दुकानदार त्यांना मान द्यायचे आणि उरलेले निम्मे त्यांना बघून रस्ता बदलायचे.

मुलगी हुशार निघाली. लहानपण काट्यांच्या ढिगात गेलेलं, तिला मोजमापाच्या यंत्रांचंच इंजिनिअरिंग करायचं होतं. चार वर्षांचा अभ्यासक्रम, परगावचं कॉलेज, वर्षाला एक लाख फी. चार लाखांचं शैक्षणिक कर्ज मंजूर झालं. कर्जदार मुलगी, सहकर्जदार बाप.

सह्या झाल्यावर मी नेहमीचं पाठ केलेलं म्हणून दाखवलं. शिक्षण चालू असताना हप्ता नाही. शिक्षण संपल्यावर आणखी एक वर्ष हप्ता नाही. ती चार आणि हे एक, पाच वर्षांची सवलत. त्यानंतर हप्ता सुरू, सात वर्षं.

"नोकरी लागल्यावर सुरू, असंच ना?" त्यांनी विचारलं.

"लागो न लागो. अभ्यासक्रम संपल्याच्या तारखेपासून वर्ष मोजायचं."

"आणि तोवर पैसे नुसते पडून राहणार?"

"पडून कसले? व्याज पहिल्या दिवसापासून चालू. पहिला लाख कॉलेजला गेला की त्याच दिवशी त्याचं मीटर पडलं. दर वर्षी नवा लाख, नवं मीटर."

ते थोडे पुढे सरकले. "म्हणजे मागायला कुणी येणार नाही, पण चढत राहणार."

इतक्या थोडक्यात मला स्वतःला कधी सांगता आलं नव्हतं. मी कागद ओढला आणि त्यांना हिशोब मांडून दिला. दर दहा टक्के, सवलतीच्या काळात सरळ व्याज. पहिल्या लाखावर पाच वर्षांचं पन्नास हजार, दुसऱ्यावर चाळीस, तिसऱ्यावर तीस, चौथ्यावर वीस. एकूण एक लाख चाळीस हजार. भरलं नाही तर पाच वर्षांनी ते मुद्दलात मिसळणार आणि पाच लाख चाळीस हजारांवर हप्ता बसणार, महिना नऊ हजाराला पस्तीस कमी. दर महिन्याला व्याज भरत राहिलं तर हप्ता नुसत्या चार लाखांवर, सहा हजार सहाशे चाळीस.

"व्याज भरलंच पाहिजे असं नाही," मी म्हटलं. "बहुतेक जण भरत नाहीत."

"मी भरणार," ते म्हणाले. "तिने नोकरीला लागायचं ते फक्त शिकल्याचं ओझं घेऊन. वरचं माझं."

मग त्याच कागदाच्या मागे मी दर वर्षीचा महिन्याचा आकडा लिहिला. पहिल्या वर्षी आठशे तेहतीस, दुसऱ्या वर्षी त्याच्या दुप्पट, तिसऱ्या वर्षी अडीच हजार, पुढे तीन हजार तीनशे तेहतीस. त्यांनी लगेच वर ढकलून गोल केले, साडेआठशे, सतराशे असे. वजनात थोडं जास्तच टाकायची सवय. कागदाची चौकोनी घडी करून त्यांनी वरच्या खिशात ठेवली. मी मुलीच्या नावाचं नवं पासबुक त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "दर महिन्याला या, भरून जा."

घोळ तिथेच झाला. ते पासबुक कर्जाचं नव्हतं. कर्जासोबत विद्यार्थ्याचं बचत खातंही आम्ही उघडून घ्यायचो, ते त्याचं होतं. कर्जखात्याचा नंबर मंजुरीपत्रावर होता आणि मंजुरीपत्र काटेवाल्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवी पत्र्याच्या पेटीत घालून, पेटी पलंगाखाली ढकलून इतकी जपली, की ते पुन्हा कुणाच्या दृष्टीला पडलं नाही. बचत खात्याचं एटीएम कार्ड घेऊन मुलगी कॉलेजला गेली. पासबुक बापाकडे राहिलं. त्यावर बँकेचं नाव होतं, मुलीचं नाव होतं, नंबर होता. आणखी काय पाहिजे माणसाला?

दर तीन तारखेला ते यायचे. रोखपालाच्या खिडकीशी पासबुक आत सरकवायचे, नोटा सरळ लावून द्यायचे. जाताना माझ्या टेबलाकडे बघून मान हलवायचे. मी फाइलीतून डोकं न काढता विचारायची, "भरलं?"

"भरलं, ताई."

वर्षभर, दोन वर्षं, तीन वर्षं. उन्हातान्हात, तापात. एकदा तर बोटाला पट्टी बांधून आले, रक्त अजून ओलं होतं. मी दुसऱ्या कर्जदारांना त्यांचा दाखला द्यायची. "ते बघा, काटे दुरुस्त करणारे. हप्ता नसताना व्याज भरतायत. शिका जरा!" आता आठवलं की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

पासबुकात नोंदी छापून घ्यायला ते विसरत नसत. त्यात दिसायचं, तीन तारखेला पैसे जमा, पाच-सहा तारखेला पैसे गेले, पुढे काही इंग्रजी अक्षरं. ते मला एकदा कौतुकाने म्हणालेही होते, "तुमची बँक मात्र वक्तशीर आहे हं. भरले की तीन दिवसांत व्याज उचलते." मी हसले. मला वाटलं, साध्या माणसाची साधी समजूत. तो माणूस मला तोंडावर सांगत होता काय चाललंय, आणि मी हसले.

पैसे बँक उचलत नव्हती. मुलगी काढत होती. तिला वाटत होतं बाबा खर्चाला पाठवतात. पहिल्याच वर्षी तिने फोनवर विषय काढला होता, "बाबा, ते तुम्ही दर महिन्याला भरता ना..." तर त्यांनी तोडूनच टाकलं, "त्यावर बोलायचं नाही. ते माझं मी बघतो, तू शीक." कुणी आभार मानले की या माणसाला कानकोंडं व्हायचं, हे पोरीला ठाऊक होतं. तिने पुन्हा विषय काढला नाही. बाप व्याजाबद्दल बोलला, लेक खर्चाबद्दल ऐकत होती, आणि दोघांनाही भरून आलं होतं. हे सगळं मला नंतर कळलं.

आणि बँक? कर्जाचा हप्ता चुकला असता तर दुसऱ्याच आठवड्यात आमच्याकडून फोन गेला असता, नोटीस गेली असती, मीच चार शब्द सुनावले असते. पण सवलतीच्या काळात हप्ता नसतो. हप्ता नाही तर थकबाकी नाही, थकबाकी नाही तर कुणी विचारत नाही. वर्षातून एकदा पत्र जायचं, मुद्दलाची एवढी बाकी आहे म्हणून. बाकी चार वर्षं वाढतच गेली, कारण दर वर्षी नवा लाख जात होता. आकडा वाढला यात काटेवाल्यांना काही वावगं वाटलं नाही.

धंदा मात्र दर वर्षी उतरत होता. बाजारात इलेक्ट्रॉनिक काटे आले. ते बिघडले की लोक दुरुस्त करत नाहीत, फेकतात. त्यातून त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. काट्याची जीभ स्थिर करणाऱ्या माणसाचाच हात थरथरायला लागला, तर गिऱ्हाईक किती दिवस थांबणार? चौथ्या वर्षी त्यांनी पितळी वजनांची पेटी विकली. पाचव्या वर्षी टपरीच दुसऱ्याला दिली, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. त्या पैशातून शेवटचे महिने भरले. घरी सांगितलं, धंदा चालत नाही म्हणून दिली. मला म्हणाले, "ताई, तराजू अगदी बरोबर जुळला बघा. माझं संपायला आणि व्याज संपायला एकच गाठ पडली."

मुलगी पास झाली ती चांगल्या गुणांनी. नोकरी मात्र लागेना. कॉलेजच्या गावातच एका खोलीत तिघीजणी राहून ती मुलाखती देत फिरत होती. सवलतीचं शेवटचं वर्ष असंच पायाखालून गेलं, आणि अगदी शेवटी, दोन महिने उरले असताना, एका मोठ्या कारखान्याचं पत्र आलं. दोन वर्षं प्रशिक्षण, महिना दहा हजार, त्यांच्याच वसतिगृहात राहण्याजेवणाचे तीन हजार दोनशे कापून. दोन वर्षांनी कायम, पगार तिपटीवर. तिला हवं होतं तेच काम, मोजमापाची यंत्रं.

काटेवाले ते पत्र घेऊन माझ्याकडे आले होते, पेढ्यांशिवाय पण पेढे वाटल्यासारखे. खिशातून माझाच कागद काढून त्यांनी हिशोब मांडला. दहा हजारांतून तीन हजार दोनशे गेले, राहिले सहा हजार आठशे. हप्ता सहा हजार सहाशे चाळीस. उरले एकशे साठ.

"साबणाला पुरतील," ते म्हणाले. "दोन वर्षं काढेल ती. माझी लेक आहे."

माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढा नेमका बसलेला हिशोब मी बघितला नव्हता. तेव्हाही मी खातं उघडलं नाही.

दोन महिन्यांनी हप्ता सुरू होण्याचं पत्र गेलं. ते घेऊन काटेवाले आले तेव्हा रागावलेले वगैरे नव्हते. कुणाचा काटा चुकला तर सांगावा तसं म्हणाले, "ताई, छपाईत चूक झालीय. पाच लाख चाळीस लिहिलंय. हप्ताही जास्त लिहिलाय, आठ हजार नऊशे पासष्ट."

मी खातं उघडलं. पाच वर्षांत पहिल्यांदा. कर्जाच्या खात्यात जमेच्या बाजूला काही म्हणजे काहीच नव्हतं. मग मी त्यांच्या हातातलं पासबुक घेतलं, नंबर टाकला, आणि समोर साठच्या साठ महिने उघडले. तीन तारीख, जमा. सहा तारीख, कॉलेजच्या गावातलं एटीएम. तीन तारीख, जमा.

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. ते पासबुकाकडे बघत राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे तिने काढले?"

"तिला ते तिच्यासाठीच वाटले असणार."

"मग पोटात गेले तिच्या," ते म्हणाले. "वाया नाही गेले." आणि मग त्यांचा चेहरा जो काही झाला, तो मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मी साहेबांकडे गेले. भांडले म्हटलं तरी चालेल. साहेब म्हणाले, बचत खात्यात आलेले पैसे खातेदाराचे, खातेदाराने काढले, यात बँकेचं काय चुकलं? मी म्हटलं, मुदत वाढवा, हप्ता उतरेल. तर त्या योजनेत मुदत सात वर्षांच्या वर जात नव्हती. म्हटलं, सवलत दोन वर्षं पुढे न्या, प्रशिक्षण संपेपर्यंत. तर अभ्यासक्रम लांबला तरच सवलत लांबते, पगार कमी म्हणून नाही. प्रत्येक उत्तर नियमाला धरून होतं. मी स्वतः शंभर जणांना हीच उत्तरं दिली होती.

बाहेर आले तर काटेवाले खुर्चीत तसेच. "तिला येऊन सह्या कराव्या लागतील ना?" त्यांनी विचारलं.

"हो. मी समजावून सांगेन तिला. चूक माझी आहे, मी तुम्हाला..."

"तिला सांगायचं नाही, ताई." आवाज खालीच होता, पण हुकूम होता. "पाच वर्षं जेवलीय ती त्या पैशांवर. हे कळलं तर तिला पुढे घास उतरायचा नाही. बापाने व्याज भरलंच नाही, एवढंच कळू दे. बापावर चिडून माणूस जगतं. स्वतःवर चिडून नाही जगत."

मी हो म्हटलं. का म्हटलं, याला मी कितीदा उत्तर शोधलं. त्यांच्या भल्यासाठी, तिच्या भल्यासाठी, असं म्हणता येईल. खरं म्हणजे माझीही सुटका होत होती.

सोमवारी दोघं आली. मुलगी बापासारखीच, खुर्ची सरळ करून बसली. मी परतफेडीचं वेळापत्रक पुढे ठेवलं. तिने आकडा वाचला, पुन्हा वाचला, आणि बापाकडे वळली.

"बाबा, व्याज तुम्ही भरणार होतात."

"हो."

"मग?"

"नाही जमलं."

"एकही महिना?"

"नाही."

पोरगी रडकी नव्हती. "मला सांगायचं तरी. मी तिथे शिकवण्या घेत होते पहिल्या वर्षी, संध्याकाळच्या. माझं भागत होतं. तुमचे पैसे नेमाने येतायत म्हटल्यावर सोडल्या मी त्या. मी मागितले होते का कधी? आणि तुम्ही दर वर्षी वाढवून पाठवत होतात! साडेआठशेचे सतराशे, सतराशेचे अडीच हजार! मला काय चैन करायची होती? खोलीतल्या पोरींना चहा पाजत होते मी त्यातून. तेवढेच इथे भरले असते तर आज व्याज शून्य असतं, बाबा. साधा हिशोब आहे. तुम्हाला कळू नये?"

"चुकलंच," काटेवाले म्हणाले.

"आणि टपरी विकली ती पण यासाठीच? मला पाठवायला?"

त्यांनी मान खाली घातली. थरथरणारा हात त्यांनी दुसऱ्या हाताखाली दाबून धरला होता.

प्रशिक्षणाच्या सहा हजार आठशेत हा हप्ता बसत नव्हता. मुलीने तिथेच फोन काढला आणि कारखान्याला लावला. माझ्या टेबलासमोर बसून, शांतपणे, घरच्या अडचणीमुळे मी रुजू होऊ शकत नाही म्हणून सांगितलं. पलीकडून काहीतरी विचारलं असावं. "नाही, पुढच्या वर्षी पण नाही," ती म्हणाली. मग आम्हाला म्हणाली, मंडईपलीकडच्या मोठ्या दुकानात बिलं करायची जागा आहे, महिना पंधरा हजार, उद्यापासून जाते. तिने सह्या केल्या, सहा ठिकाणी. सहकर्जदाराच्या जागी बापाने केल्या. त्यांना प्रत्येक सहीला वेळ लागत होता, आणि ती खिडकीबाहेर बघत होती.

उठता उठता ती थांबली. काहीतरी सुटत होतं तिला, हिशोबाची पोरगी ती. मला म्हणाली, "मॅडम, आई म्हणायची बाबा दर महिन्याच्या तीन तारखेला बँकेत जातात. ठरलेलं होतं त्यांचं. व्याज भरायचं नव्हतं, तर इथे कशाला येत होते?"

काटेवाले माझ्याकडे बघत होते. पाच वर्षं मी त्यांच्याकडे धड बघितलं नव्हतं, आता डोळे हलवता येईनात.

"तुला पैसे पाठवायला," मी म्हणाले.

"तेच तर म्हणते मी," ती म्हणाली, आणि बापाची वाट न बघता बाहेर पडली.